एनएबीएचची स्टँडर्ड्स हातात आली. आता विभागवार तयारीची यादी कशी बनवायची?

एनएबीएचचं पुस्तक अध्यायांप्रमाणे लिहिलेलं आहे आणि रुग्णालय चालतं विभागांप्रमाणे. नव्या क्वालिटी कोऑर्डिनेटरच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात. औषध व्यवस्थापनाचा अध्याय फार्मसी इनचार्जकडे, संसर्ग नियंत्रणाचा अध्याय इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरकडे, मनुष्यबळाचा अध्याय एचआरकडे अशी वाटणी केली की काम मार्गी लागल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात औषधांच्या अध्यायातल्या बऱ्याच गोष्टी वॉर्डात, ओटीत आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातून घडतात. असेसर आयसीयूत शिरतो तेव्हा तो एकाच खाटेपाशी उभा राहून पाच-सहा अध्याय एकदम बघतो. म्हणून आपली यादीसुद्धा त्या खाटेपाशी उभं राहून तपासता येईल अशी हवी. ती कशी तयार करायची, हे जिल्ह्याच्या ठिकाणचं शंभरेक खाटांचं रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून सांगतो.

आधी पुस्तक कोणतं, ते नक्की करा

हॉस्पिटल स्टँडर्ड्सची सहावी आवृत्ती जानेवारी 2025मध्ये आली. तिच्यात 10 अध्याय, 100 स्टँडर्ड्स आणि 639 ऑब्जेक्टिव्ह एलिमेंट्स आहेत. बऱ्याच रुग्णालयांच्या कपाटात अजून पाचवी आवृत्ती असते आणि तिच्यावरून बनवलेल्या जुन्या याद्या हातोहात फिरत असतात. पाचवीत एलिमेंट्स 651 होती. क्रमांक आणि शब्द दोन्ही बदलले आहेत, त्यामुळे जुनी यादी घेऊन तिच्यावर नवे क्रमांक चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. पन्नास खाटांपर्यंतच्या रुग्णालयांसाठी वेगळी स्टँडर्ड्स आहेत, तेव्हा आपण कोणत्या पुस्तकात बसतो हेही एकदा तपासून घ्या.

पुस्तक वाचताना दोन खुणांकडे लक्ष हवं. पहिली खूण पातळीची. 639पैकी 105 एलिमेंट्स कोअर आहेत, म्हणजे रुग्णाच्या सुरक्षिततेशी थेट जोडलेली. त्यानंतर 457 कमिटमेंट, 60 अचिव्हमेंट आणि 17 एक्सलन्स. पहिल्यांदा तयारी करणाऱ्याने यादी कोअरपासून बनवावी, मग कमिटमेंटकडे यावं. एक्सलन्सची सतरा वाक्यं वाचायला छान आहेत, पण पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्यासाठी कुणाला बैठकीला बोलावू नका.

दुसरी खूण तारांकनाची. ज्या एलिमेंटपुढे तारा आहे तिथे लेखी दस्तऐवज लागतो. जिथे तारा नाही तिथेही नवे कोऑर्डिनेटर उत्साहाने एसओपी लिहून काढतात. मग जाडजूड फायली तयार होतात आणि वॉर्डातल्या माणसाला त्यातलं काहीच सांगता येत नाही. ताऱ्यापुरतंच लिहिलंत तरी पुरे आहे. प्रत्येक एलिमेंटखाली दिलेलं स्पष्टीकरण मात्र वगळू नका, कारण असेसर काय पाहील हे तिथेच कळतं.

मास्टर शीट

एक्सेल किंवा गूगल शीट उघडा आणि प्रत्येक एलिमेंटसाठी एक ओळ घ्या. रकाने थोडेच ठेवा: क्रमांक, आपल्या शब्दांत एक वाक्य, पातळी, दस्तऐवज लागतो का, पुरावा कोणत्या प्रकारचा, कोणते विभाग आणि जबाबदार कोण.

‘आपल्या शब्दांत एक वाक्य’ या रकान्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो जाऊ द्यावा. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं चिकटवलं की पुढची सगळी यादी इंग्रजीच राहते. सिस्टर तिच्यावर सही करते, पण ती वाचत नाही. ते वाक्य मराठीत लिहिताना त्या कामातलाच एक माणूस शेजारी बसवा. औषधांच्या अध्यायाला एक फार्मासिस्ट आणि एक अनुभवी वॉर्ड सिस्टर. ‘हे आपल्याकडे कुठे घडतं?’ एवढाच प्रश्न त्यांना विचारत जा.

पुराव्याचे प्रकार तीनच मानावेत: कागद, नजर आणि बोलणं. म्हणजे नोंद बघायची, प्रत्यक्ष वस्तू किंवा कृती बघायची, की माणसाला विचारायचं. ज्या एलिमेंटपुढे फक्त ‘कागद’ लिहिलं गेलं असेल तिथे पुन्हा विचार करा. हात धुण्याचं पोस्टर आणि ट्रेनिंगची सही हा कागद झाला. खाटेला हात लावण्याआधी रब वापरला जातो का, ही नजर. आणि कधी कधी वापरायचा, हे मावशींना सांगता येतं का, ते बोलणं.

विभागांचा रकाना भरताना घाईत सगळीकडे ‘हो’ पडतं आणि मग प्रत्येक विभागाची यादी पाचशे ओळींची होते. त्यासाठी एक साधी कसोटी आहे. या विभागात उभं राहून मला ही गोष्ट दिसेल का, किंवा इथल्या माणसाला ती विचारता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती ओळ इथली नाही. धोरणाला मंजुरी आहे का, हा प्रश्न क्वालिटी ऑफिसचा आहे, तो चौदा वॉर्डांना विचारण्यात अर्थ नाही. वॉर्डात विचारायचं ते एवढंच की ते धोरण पाहायचं झालं तर तुम्ही कुठे उघडता.

विभागांची नावं ऑर्गनायझेशन चार्टवरून उतरवू नका. मुख्य दरवाज्यापासून रुग्ण जिथे जिथे जातो तिथून चाला, मग त्याची चादर, त्याचं रक्त, त्याचं जेवण, त्याचा कचरा आणि दुर्दैवाने वेळ आली तर त्याचं शव जिथे जातं तिथून चाला. चार्टवर न सापडणाऱ्या जागा अशाच सापडतात: सीएसएसडी, लाँड्री, ऑक्सिजन मॅनिफोल्ड, बायोमेडिकल कचऱ्याची खोली, शवागार, अँब्युलन्स, बाहेरच्या एजन्सीचे सुरक्षारक्षक.

एक एलिमेंट सोलून बघू

हाय-रिस्क औषधं ओळखलेली असावीत, वेगळी ठेवलेली असावीत आणि देताना जास्तीची काळजी घेतली जावी, अशा आशयाची अपेक्षा औषधांच्या अध्यायात आहे. नवा माणूस तिची ओळ अशी बनवतो: ‘हाय-रिस्क औषधांची साठवण योग्य आहे का? हो / नाही.’ या प्रश्नाला आजवर कुणी ‘नाही’ म्हटलेलं नाही.

ही अपेक्षा एका अँप्युलच्या मागे चालत जाऊन फोडू. केसीएल, म्हणजे संहत पोटॅशियम क्लोराइड, 15 टक्क्यांची 10 मिलिलीटरची अँप्युल. तिच्यात सुमारे 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. पातळ न करता थेट शिरेत गेली तर हृदय बंद पडू शकतं. दिसायला ती इतर बिनरंगी अँप्युलांसारखीच असते, डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी ठेवली तर रात्री तीन वाजता फरक कळणं कठीण. संहत इलेक्ट्रोलाइट्स सर्वसाधारण वॉर्डात ठेवू नयेत, असं जगभर सांगितलं जातं ते याच कारणासाठी.

सुरुवात फार्मसीपासून. इथे कागद बघायचा: हाय-रिस्क औषधांची यादी औषध समितीने मंजूर केलेली, सही-तारखेची आहे का. नजरेने बघायचं: केसीएलचा खण वेगळा आणि लेबल लावलेला आहे का, शेजारी सारखी दिसणारी दुसरी अँप्युल नाही ना. आणि सगळ्यात उपयोगी ओळ ही: गेल्या एका महिन्याच्या इश्यू नोंदींत केसीएल कोणकोणत्या विभागांना गेलं? यादीप्रमाणे ते फक्त आयसीयू, इमर्जन्सी आणि ओटीला जायचं असेल आणि नोंदीत फिमेल वॉर्डाचं नाव दिसलं, तर वॉर्डात पाऊल टाकायच्या आधीच तुम्हाला त्रुटी सापडली.

आयसीयूत ओळी बदलतात. नमुन्यादाखल आयसीयूचा तुकडा असा दिसेल:

- केसीएल कुलूपबंद, लेबल लावलेल्या डब्यात आहे. डबा उघडून मोजा: प्रत्यक्ष अँप्युल __, रजिस्टरमध्ये __.
- सध्या पोटॅशियम चालू असलेल्या रुग्णाची बाटली बघा: औषध, मात्रा, तयार केल्याची वेळ आणि सही लेबलवर आहे का.
- गेल्या आठवड्यातल्या हाय-रिस्क औषधांच्या 5 नोंदी काढा: दुसऱ्या सिस्टरची पडताळणीची सही 5 पैकी __.
- ड्युटीवरच्या सिस्टरला विचारा: केसीएल कशात मिसळता, कोणत्या वेगाने देता, दुसरी सिस्टर नक्की काय तपासते? उत्तर आपल्या प्रोटोकॉलशी जुळतं का?

प्रत्येक ओळीत कुठे बघायचं, किती बघायचं आणि कशाशी जुळवायचं हे लिहिलेलं आहे. म्हणून तपासणारा माणूस बदलला तरी उत्तर फारसं बदलत नाही.

जनरल वॉर्डात तर प्रश्न उलटा होतो. तिथे वस्तू ‘नाही’ हे तपासायचं आहे. औषधाचं कपाट, ड्रेसिंग ट्रॉली, क्रॅश कार्ट आणि फ्रीज, चारही ठिकाणी केसीएलची एकही अँप्युल नसावी. आणि आपल्याकडची एक खास जागा कुठल्याच छापील यादीत सापडत नाही, ती म्हणजे रुग्णाच्या लॉकरमधली औषधांची पिशवी. नातेवाइकांनी मेडिकलमधून आणलेली औषधं रुग्णाबरोबर आयसीयूतून वॉर्डात उतरतात, आणि उरलेली अँप्युल त्या पिशवीतून निमूटपणे वॉर्डात येते. तेव्हा आयसीयूतून गेल्या दोन दिवसांत आलेल्या रुग्णांच्या पिशव्या बघणं ही वॉर्डाच्या यादीतली स्वतंत्र ओळ करा. जोडीला एक बोलण्याचा प्रश्न: डॉक्टरांनी वॉर्डातल्या रुग्णाला पोटॅशियम लिहिलं तर ते येतं कुठून आणि तयार कोण करतं? या प्रश्नावर दोन सिस्टरनी दोन उत्तरं दिली तर प्रक्रिया कागदावरच आहे, असं समजा.

हाय-रिस्क यादीतली बाकीची औषधं अशीच आपापल्या जागी ओळी मागतात. वॉर्डात इन्सुलिनची ओळ हवी: आपल्याकडे 40 युनिटची व्हायल आणि 100 युनिटचं पेन कार्ट्रिज दोन्ही चालतात, तेव्हा 40च्या व्हायलसोबत लाल टोपीची 40चीच सिरिंज ठेवली आहे का. डायलिसिसला हेपॅरिनची: 1000 आणि 5000 युनिटच्या व्हायल एकाच ट्रेमध्ये पडलेल्या नाहीत ना. ओटीत भरून ठेवलेल्या प्रत्येक सिरिंजवर औषधाचं नाव आणि मात्रा आहे का, विशेषतः मसल रिलॅक्संटच्या.

एचआरकडे एकच ओळ पुरते: गेल्या तीन महिन्यांत रुजू झालेल्या सिस्टर-ब्रदरची यादी घ्या आणि त्यातल्या कितींची हाय-रिस्क औषधांची ट्रेनिंग नोंद आहे ते मोजा. एजन्सीकडून आलेले धरून. क्वालिटी ऑफिसची ओळ मेडिकेशन एररच्या रिपोर्टची: महिन्यात शून्य रिपोर्ट आले असतील तर ते चांगलं लक्षण समजू नका, शंभर खाटांच्या रुग्णालयात तसं होत नाही.

अशा रीतीने पुस्तकातल्या एका अपेक्षेच्या पंधरा-सोळा ओळी झाल्या, पण एका विभागाच्या वाट्याला तीन-चारच आल्या. सगळी एलिमेंट्स अशी फोडायला दोन-तीन महिने सहज जातात. कोअरची 105 आधी फोडा, तेवढ्यावर पहिला राउंड सुरू करता येतो.

ओळी विभागांना वाटणं

या ओळींसाठी मास्टरपासून वेगळी शीट करा. एका प्रश्नाला एक ओळ, विभागाचं नाव त्याच ओळीच्या रकान्यात, आणि मूळ एलिमेंटचा क्रमांक शेजारी. मग प्रत्येक विभागाची यादी हाताने कॉपी करावी लागत नाही. गूगल शीटमध्ये आयसीयूच्या पानावर एवढं लिहिलं की पुरतं:

```
=FILTER(Lines!A2:G, Lines!B2:B="ICU")
```

इथे `Lines` हे शीटचं नाव आणि B हा विभागाचा रकाना. मूळ ओळ सुधारली की सगळीकडे सुधारते.

काही ओळी सगळ्या रुग्णविभागांत सारख्याच असतात: रुग्णाची ओळख दोन खुणांनी पटवणं, कचऱ्याच्या रंगांच्या पिशव्या, क्रॅश कार्ट, आगीच्या वेळचा मार्ग. हा गट अक्षरशः एकसारख्या शब्दांत ठेवा, म्हणजे मेल वॉर्ड आणि फिमेल वॉर्डाची तुलना करता येते. त्याच्याखाली विभागाच्या खास ओळी. एका विभागाची एकूण यादी चाळीस ओळींच्या वर जाऊ देऊ नका. तासाभरात न संपणारी यादी लोक टेबलावर बसून भरतात.

परवाने या याद्यांत घुसवू नका, त्यांची वेगळी शीट असू द्या: नर्सिंग होम नोंदणी, बायोमेडिकल कचऱ्याचं प्राधिकारपत्र, एक्स-रेसाठी एईआरबी, सोनोग्राफीसाठी पीसीपीएनडीटी, लिफ्ट. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा लागतं आणि जुलैचं हमखास राहून जातं. मुदत संपण्याच्या तारखेपेक्षा ‘अर्ज कधी सुरू करायचा’ ही तारीख जास्त कामाची, तिचा रकाना पहिला.

राउंड घेताना

पहिला राउंड एकाच विभागात घ्या, तोही जिथली इनचार्ज मोकळेपणाने बोलते तिथे. यादी घेऊन तिच्याबरोबर फिरा. ज्या ओळीवर ती ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारेल, ती ओळ तिथल्या तिथे बदला.

उत्तरं ‘हो’ आणि ‘नाही’मध्ये न लिहिता आकड्यात लिहा: पाचपैकी तीन, दहापैकी नऊ. ‘लागू नाही’ लिहिलं तर शेजारी कारण हवं. फायली स्वतः निवडा, सिस्टरने पुढे केलेल्या घेऊ नका. पाच फायलींत एक रात्री दाखल झालेल्या रुग्णाची, एक आयसीयूतून वॉर्डात आलेल्याची, एक ऑपरेशनची आणि एक डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी गेलेल्याची असावी. नोंदी सुटतात त्या नेमक्या अशा वळणांवर.

नोंदी पूर्ण आहेत पण खऱ्या नाहीत, हे ओळखायला थोडी सवय लागते. औषधांच्या फ्रीजचं तापमान 2 ते 8 अंशांत हवं. महिनाभर रोज तीन वेळा बरोबर 4 लिहिलेलं असेल, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, तर तक्ता एका बैठकीत भरलेला आहे. सकाळी अकराला गेलात आणि दुपारी दोनचं तापमान आधीच लिहिलेलं असेल तर मग काही विचारायलाच नको. क्रॅश कार्टवरच्या सीलचा नंबर रजिस्टरमधल्या शेवटच्या नंबराशी जुळवा. मग कोड ब्लूच्या नोंदींतून त्या विभागातली एक तारीख घ्या आणि त्या दिवशी कार्ट उघडून पुन्हा भरून सील केल्याची नोंद आहे का ते बघा. दोन रजिस्टरं समोरासमोर ठेवली की जे दिसतं ते एका रजिस्टरवर कधीच दिसत नाही. हे सापडलं की सिस्टरवर ओरडू नका. त्या पाळीत किती रुग्णांमागे किती सिस्टर होत्या हे आधी बघा, बऱ्याचदा खरं उत्तर ड्युटी रोस्टरमध्ये असतं.

सापडलेल्या त्रुटींचं काय करायचं

त्रुटी नोंदवताना तिचा प्रकार लिहा, कारण प्रत्येक प्रकाराचा इलाज वेगळा आहे. केसीएलचंच घ्या. आयसीयूत दोन सिस्टर खरोखर पडताळणी करतात, प्रोटोकॉलही सांगतात, पण सही मात्र पाचपैकी एकाच ठिकाणी आहे. चार्ट उलटून बघितला तर दुसऱ्या सहीला जागाच छापलेली नाही. ही नोंदीची त्रुटी झाली, चार्टचं डिझाइन बदललं की संपली. इथे ट्रेनिंग लावलंत तर अर्धा दिवस गेला आणि चार्ट तसाच राहिला. सिस्टरला वेग सांगताच आला नाही, तर ती ज्ञानाची त्रुटी: ट्रेनिंग द्या, आणि आठवड्याने तोच प्रश्न दुसऱ्या पाळीला विचारा. वॉर्डात अँप्युल सापडली, तर ती व्यवस्थेची. ती उचलून फार्मसीत परत दिल्याने ओळ बंद होत नाही. ती इश्यू होऊन आली की पिशवीतून, याचा माग काढावा लागतो. इश्यू होऊन आली असेल तर फार्मसीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या विभागाला ते औषध देणंच बंद करता येतं का ते पाहा. पिशवीतून आली असेल तर आयसीयूच्या ट्रान्सफर फॉर्मवर ‘उरलेली हाय-रिस्क औषधं परत केली’ अशी ओळ आणि सही वाढवा.

प्रत्येक त्रुटीपुढे एका माणसाचं नाव लिहा, विभागाचं नको. ‘नर्सिंग’ असं लिहिलेली त्रुटी पुढच्या महिन्यातही तिथेच असते. तारीख त्या माणसाला विचारूनच टाका. आणि त्रुटी बंद करताना ‘केलं’ या शब्दावर बंद करू नका, जी ओळ आधी फसली होती तीच पुन्हा मोजून बंद करा.

यादी सतत थोडी थोडी बदलत राहील. एखादी घटना घडली, रिपोर्ट आला, की ती कोणत्या ओळीने आधी पकडली असती ते शोधा. तशी ओळ नसेल तर लिहा. सलग तीन राउंड शंभर टक्के येणाऱ्या ओळी मासिक यादीतून काढून तिमाही यादीत टाका, नाहीतर चाळीस ओळींची मर्यादा सांभाळता येणार नाही. कोअरच्या ओळी मात्र मासिकच राहू द्या. प्रत्येक पानाच्या तळाशी यादीची आवृत्ती आणि तारीख छापा आणि नवी यादी देताना जुने कागद परत घ्या. एकाच वॉर्डात दोन वेगवेगळ्या आवृत्त्या लटकलेल्या असेसरला दिसल्या, तर पुढचा प्रश्न दस्तऐवज नियंत्रणावर येतो.